बातमीतला पाऊस आणि शाळेच्या मैदानातला पाऊस

जुलै महिन्यात वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी हमखास येते. तालुक्यात चोवीस तासांत 70 मिलिमीटर पाऊस, दोन मंडळांत अतिवृष्टी, ओढ्याला पूर, शेतात पाणी. आठवी-नववीच्या वर्गात ही बातमी वाचून दाखवली आणि ‘यावर शाळेच्या वार्षिकासाठी लेख लिहा’ असं सांगितलं, तर हाती काय येतं ते बहुतेक शिक्षकांना ठाऊक आहे. ‘पाऊस : वरदान की शाप’, ‘हवामानबदलाचं संकट’, ‘पावसाळ्यातला एक दिवस’. मुलं मनापासून लिहितात, पण लिहून झाल्यावर त्यांना आधी माहीत नसलेली एकही गोष्ट कळलेली नसते, आणि वाचणाऱ्यालाही नाही. याचं कारण मुलांच्या भाषेत किंवा हुशारीत नसतं. त्यांच्या हातात विषय दिलेला असतो, प्रश्न दिलेला नसतो.

विषयावर कितीही लिहिता येतं. प्रश्नाला उत्तर लागतं. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर शाळेतल्या मुलांना स्वतः पाहून, मोजून किंवा विचारून मिळवता येतं, तो प्रश्न बातमीत दडलेला असतोच. तो बाहेर कसा काढायचा, हे या पावसाच्याच बातमीवर करून पाहू.

पहिली पायरी म्हणजे बातमी पेन्सिल घेऊन वाचणं. प्रत्येक आकड्याखाली आणि ठाम विधानाखाली रेघ ओढायची आणि चारच गोष्टी विचारायच्या : हे कुणी मोजलं, कुठे मोजलं, केव्हा मोजलं आणि कशानं मोजलं? ‘तालुक्यात 70 मिलिमीटर’ या तीन शब्दांवरच मुलं थबकतात. तालुका तर चाळीस-पन्नास किलोमीटर पसरलेला असतो. मग हे सत्तर मिलिमीटर नेमके कुठे पडले?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. महाराष्ट्रात तालुक्याची विभागणी महसूल मंडळांत झालेली आहे, एकेका मंडळात बरीच गावं येतात आणि पावसाची नोंद मंडळानुसार होते. तालुक्याचा आकडा हा त्या मंडळांच्या आकड्यांची सरासरी असतो. मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, की ती अतिवृष्टी धरली जाते, आणि पिकांच्या नुकसानीच्या पंचनाम्यांशी या नोंदीचा थेट संबंध येतो. म्हणजे एखाद्या गावात ढगफुटीसारखा पाऊस झाला, पण मंडळाचं यंत्र जिथे बसवलं आहे तिथे तो झाला नाही, तर कागदावर अतिवृष्टी दिसत नाही. ज्या मुलांच्या घरी शेती आहे, त्यांनी याबद्दलची चर्चा ओट्यावर ऐकलेली असते. इथे बातमी त्यांची स्वतःची होते.

पाऊस जवळजवळच्या दोन ठिकाणी किती वेगळा पडू शकतो, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण 26 जुलै 2005 चं. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याच्या वेधशाळेत, म्हणजे त्याच मुंबईत सुमारे पंचवीस किलोमीटरवर, तो 75 मिलिमीटरच्या आत होता. ‘त्या दिवशी मुंबईत किती पाऊस पडला’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही.

आता मुलांना प्रश्न काढायला सांगावं आणि फळ्यावर सगळे लिहून घ्यावेत, चांगले-वाईट न ठरवता. साधारण असे प्रश्न येतात : पाऊस लहरी का झाला आहे? हवामानबदलामुळे अतिवृष्टी वाढली का? सरकारचे आकडे खरे असतात का? आमच्या गावात यंत्रापेक्षा कमी पाऊस पडतो का? पूर आल्यावर लोक काय करतात?

या यादीची चाळणी करायला एक कसोटी पुरते. काम सुरू करण्याआधी सांगता आलं पाहिजे, की अमुक दिसलं तर उत्तर ‘हो’ आणि तमुक दिसलं तर ‘नाही’. ‘पाऊस लहरी का झाला’ या प्रश्नाचं असं सांगता येत नाही, कारण ‘लहरी’ म्हणजे काय हेच ठरलेलं नाही आणि ‘का’चं उत्तर एका शाळेच्या मैदानात सापडण्यासारखं नाही. हवामानबदलाचा प्रश्न खरा आहे, पण त्याला अनेक दशकांच्या नोंदी लागतात. मुलांच्या हातात एक पावसाळा आहे. ‘आकडे खरे असतात का’ हा प्रश्न सर्वांत आकर्षक आणि सर्वांत फसवा आहे, तो का ते पुढे येईल. चौथ्या प्रश्नात मात्र जीव आहे. तो थोडा घासला की असा होतो :

‘जुलै महिन्यात आमच्या शाळेच्या मैदानात मोजलेला रोजचा पाऊस आणि आमच्या मंडळाचा जाहीर झालेला पाऊस यांत किती फरक पडतो?’

यात ठिकाण आहे, काळ आहे, काय मोजायचं ते आहे आणि कशाशी ताडून पाहायचं तेही आहे. उत्तर काहीही येऊ शकतं. फरक नगण्य निघाला तरी लेख होतो, मोठा निघाला तरी होतो.

प्रश्न लहान करताना मुलांना, आणि कधी शिक्षकांनाही, वाटतं की आपण माघार घेतोय. तसं नाही, हे सांगायला अमेरिकेतल्या एमिली रोझाची गोष्ट उपयोगी पडते. तिथे काही परिचारिका एक उपचार करत असत. रुग्णाच्या शरीराला स्पर्श न करता त्यावरून हात फिरवायचे आणि त्याच्याभोवतीचं ‘ऊर्जाक्षेत्र’ सारखं करायचं, असा तो उपचार. नऊ वर्षांच्या एमिलीनं त्याची चित्रफीत पाहिली. ‘यानं रोग बरे होतात का’ हा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीच्या आवाक्यातला नव्हता. त्याला रुग्णालय, रुग्ण आणि वर्षं लागली असती. तिनं त्या दाव्याच्या मुळाशी असलेला एक छोटा दावा पकडला : या लोकांना दुसऱ्याच्या हाताचं ऊर्जाक्षेत्र जाणवतं का? मध्ये पुठ्ठ्याचा आडपडदा, त्याला खाली दोन भोकं. उपचार करणाऱ्यानं दोन्ही हात पलीकडे काढायचे, एमिली नाणं उडवून त्यांपैकी एका हातावर स्वतःचा हात धरणार, आणि समोरच्यानं सांगायचं, डावा की उजवा. 21 जणांवर मिळून 280 वेळा ही चाचणी झाली. बरोबर उत्तरं 123 आली, म्हणजे 44 टक्के. डोळे मिटून अंदाज केला असता तरी निम्मी बरोबर आली असती. 1998 मध्ये हे काम अमेरिकन वैद्यक संघटनेच्या संशोधनपत्रिकेत छापून आलं, तेव्हा ती 11 वर्षांची होती. तिचा प्रश्न लहान होता, पण मोठा प्रश्न त्याच्यावरच उभा होता. लहान करताना नेमकं हेच जपायचं असतं : लहान प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर मोठ्या प्रश्नाबद्दल काहीतरी कळलं पाहिजे.

आपल्या पावसाकडे परत येऊ. प्रश्न ठरला की साधन. पर्जन्यमापक विकत घ्यायची गरज नाही. बाजारात मिळणारं प्लॅस्टिकचं नरसाळं, त्याखाली दोन लिटरची बाटली आणि प्रयोगशाळेतलं मोजपात्र एवढं पुरतं. नरसाळं निवडताना पट्टी बरोबर न्यावी. तोंडाचा आतला व्यास 11.3 सेंटिमीटर असेल तर त्याचं क्षेत्रफळ जवळपास 100 चौरस सेंटिमीटर भरतं, आणि मग हिशेब अगदी सोपा होतो : बाटलीत साचलेलं दर 10 मिलिलिटर पाणी म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस. 650 मिलिलिटर साचलं, तर 65 मिलिमीटर. व्यास वेगळा असेल तर मिलिलिटरला क्षेत्रफळानं भागायचं, सेंटिमीटरमध्ये उत्तर येतं, त्याला दहानं गुणायचं. नववीच्या मुलांना वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा उपयोग इथे प्रत्यक्ष भेटतो. व्यास मात्र दोन दिशांनी मोजावा, कारण स्वस्त नरसाळी पुरती गोल नसतात. 11.3 ऐवजी 11 असा व्यास धरला गेला, तर सगळा पाऊस पाच टक्क्यांनी चुकतो, आणि ही चूक महिनाभर एकाच दिशेनं होत राहते. बाटली लिटरभराची नको. शंभर मिलिमीटरच्या पावसात ती काठोकाठ भरते, आणि नेमक्या त्याच दिवसाची नोंद वाया जाते.

जागा निवडणं साधनाइतकंच महत्त्वाचं. भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक ठेवायचा, नाहीतर वाऱ्याबरोबर येणारा तिरपा पाऊस अडतो किंवा पानांवरचं पाणी नंतर ठिबकत राहतं. गच्ची सोयीची वाटते, पण तिथे वाऱ्याचा जोर जास्त असतो आणि थेंब नरसाळ्यावरून उडून जातात. मोकळ्या मैदानात, तोंड जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटर वर, सपाट आणि पक्कं रोवलेलं, हे उत्तम. त्याहून खाली ठेवलं तर जमिनीवरून उसळलेले थेंब आत येतात. नरसाळ्यात चिखलाचे शिंतोडे दिसले, तर मापक फार खाली आहे असं समजावं.

यानंतरची पायरी मुलं बहुतेक वेळा गाळतात, आणि सगळ्या कामाचा भरवसा तिच्यावरच असतो. एक नव्हे, दोन मापक करायचे आणि जूनमध्ये पहिल्या पावसापासून ते त्याच मैदानात आठ-दहा मीटरवर शेजारी शेजारी ठेवायचे. दोघांवर पाऊस तर तोच पडतो. तरी आकडे तंतोतंत जुळत नाहीत. समजा, बहुतेक दिवशी त्यांच्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो आणि जोराच्या पावसात तो चारपर्यंत जातो. हा फरक आभाळातला नाही, आपल्या मोजण्यातला आहे. त्यामुळे पुढे शाळा आणि मंडळ यांच्या आकड्यांत चार मिलिमीटरचा फरक दिसला, तर त्याबद्दल काहीही म्हणता येणार नाही. वीसचा दिसला, तर म्हणता येईल. आपलं साधन किती चुकतं हे आधी मोजून ठेवलं नाही, तर कोणता फरक खरा आणि कोणता मोजणीतला, हे नंतर कोणीच सांगू शकत नाही.

दुसरी अडचण घड्याळाची. भारतीय हवामान खात्याच्या पद्धतीत सकाळी साडेआठ वाजता आधीच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतात आणि तो त्या सकाळच्या तारखेला लिहितात. म्हणजे मंगळवारच्या नोंदीतला बराचसा पाऊस सोमवारी पडलेला असतो. शाळा अकराला भरते म्हणून मुलांनी अकराला मोजलं, तर साडेआठ ते अकरा या अडीच तासांतला पाऊस त्यांच्या वहीत आजच्या तारखेला पडतो आणि मंडळाच्या यादीत उद्याच्या. ही चूक ओळखता येते. दोन रकाने शेजारी ठेवले आणि एका दिवशी आपला आकडा बराच जास्त, दुसऱ्या दिवशी जवळपास तेवढाच कमी, असं वारंवार दिसलं, की आधी वेळ तपासावी. शाळेजवळ राहणाऱ्या तीन-चार मुलांनी साडेआठची पाळी वाटून घेणं हा सर्वांत सोपा उपाय.

रविवार आणि सुट्ट्यांचंही आधीच ठरवावं. रविवारी कोणी मोजलं नाही तर सोमवारचं पाणी दोन दिवसांचं असतं. ते निम्मं करून दोन दिवसांत वाटायचं नाही. ‘दोन दिवस मिळून’ असंच लिहायचं आणि मंडळाचेही ते दोन दिवस जोडून ताडायचं. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायचं आणि मोजलं नाही त्या दिवशी आडवी रेघ. महिन्याअखेरीस रिकामी चौकट पाहून तो कोरडा दिवस होता की विसरलेला, हे आठवत नाही.

मंडळाचे आकडे राज्याच्या कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात, तहसील कार्यालयातही विचारता येतात. जमलं तर शिक्षकांबरोबर मंडळाचं यंत्र जिथे आहे ती जागा पाहून यावी आणि शाळेपासूनचं अंतर नकाशावर मोजावं. लेखात या अंतराला फार किंमत आहे.

महिना संपला. समजा, शाळेची बेरीज 412 मिलिमीटर आली आणि मंडळाची 438. फरक 26 मिलिमीटर, साधारण सहा टक्के. इथे थांबणारा म्हणेल, आकडे जवळपास जुळले. पण रोजच्या नोंदी पाहिल्या तर समजा असं दिसतं, की संथ झडीच्या दिवशी दोन्ही आकडे तीन-चार मिलिमीटरच्या आत आहेत, आणि तीन दिवस मात्र पार वेगळे आहेत. 9 तारखेला मंडळात 71, शाळेत 38. 17 ला शाळेत 52, मंडळात 24. 22 ला मंडळात 66, शाळेत 45. बाकी दिवसांचे फरक एकमेकांना फिटले, म्हणून बेरीज जुळत आली. म्हणजे प्रश्नाचं उत्तर दोन भागांत येतं : महिन्याच्या एकूण पावसासाठी मंडळाचा आकडा आमच्या गावाला बऱ्यापैकी लागू पडला, एका दिवसाच्या जोराच्या पावसासाठी पडला नाही. त्या महिन्यात मंडळात अतिवृष्टीचे दोन दिवस नोंदले गेले, आमच्या मैदानात एकही नाही.

असं होण्याचं कारणही मुलांना समजण्यासारखं आहे. झडीचा पाऊस मोठ्या प्रदेशावर पसरलेल्या ढगांतून येतो, तर गडगडाटी पावसाचा एकेक ढग काही किलोमीटरचाच असतो. तो यंत्रावरून गेला आणि गावावरून गेला नाही, एवढ्यानंच आकडा बदलतो. मात्र लेखात हे कारण ‘असं असू शकतं’ या शब्दांतच यावं, कारण मुलांनी पाऊस मोजला आहे, ढग मोजलेले नाहीत. त्या तीन दिवशी गडगडाट झाला होता का, याची नोंद वहीत केलेली असेल, तर कारणाला थोडा आधार मिळतो. म्हणून पहिल्या दिवसापासून ‘गडगडाट : हो/नाही’ असा एक रकाना ठेवावा.

आणि इथेच तो फसवा प्रश्न परत येतो : मग सरकारचा आकडा खोटा ठरला का? नाही. यंत्र एका जागी आहे, मापक दुसऱ्या जागी आहे आणि दोन्ही आपापल्या जागचा पाऊस बरोबर सांगत असू शकतात. यंत्र चुकतं का हे पाहायचं असतं, तर मापक यंत्राच्या शेजारी ठेवावा लागला असता. तो वेगळा प्रश्न झाला, त्याची मांडणी वेगळी. आपण जे मोजलं त्यापलीकडचं न म्हणणं, हे मुलांना या एका जागी जेवढं नीट कळतं तेवढं उपदेशानं कळत नाही.

छंदातून प्रश्न काढतानाही वाट हीच, फक्त सुरुवात वेगळी. बातमीत आपण आकड्याखाली रेघ ओढतो. छंदात, खेळणारे जे खात्रीनं बोलतात त्याखाली ओढायची. गल्लीत टेनिसच्या चेंडूनं क्रिकेट खेळणारी पोरं म्हणतात, ‘चेंडू जुना झाला, आता उसळणार नाही.’ हे खरं आहे का आणि किती? आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमानुसार नेहमीच्या प्रकारचा नवा चेंडू 254 सेंटिमीटरवरून टणक पृष्ठभागावर सोडला, तर तो 135 ते 147 सेंटिमीटर उसळायला हवा. म्हणजे ताडून पाहायला एक ठरलेलं माप तयारच आहे. भिंतीवर पट्टी चिकटवायची, फरशीवर चेंडू सोडायचा, मोबाइल टप्प्याच्या उंचीशी समपातळीत धरून चित्रीकरण करायचं आणि चेंडूचा खालचा काठ कुठवर गेला ते वाचायचं. मोबाइल खाली किंवा वर धरला तर पट्टीवरचं वाचन सरकतं. दर वेळी दहा टप्पे घ्यायचे. दहांत जो आपापसांतला फरक दिसतो, तो इथल्या मोजणीचा फरक.

मुलं इथे घोटाळतात ती जागा म्हणजे ती एक नवा आणि एक जुना असे दोन वेगळे चेंडू घेतात. मग फरक वापरामुळे पडला की ते चेंडू मुळातच वेगळे होते, हे सांगता येत नाही. तोच चेंडू नवा असताना मोजायचा, मग दर दहा षटकांनी पुन्हा मोजायचा, त्याच फरशीवर आणि शक्यतो सावलीत, कारण उन्हात तापलेला चेंडू जास्त उसळतो. प्रश्न मग असा होतो : ‘आमच्या मैदानावर पन्नास षटकं खेळल्यावर एका चेंडूची उसळी किती कमी होते?’ चेंडूंच्या सगळ्या जातींबद्दल त्यातून काही म्हणता येणार नाही, पण त्या चेंडूबद्दल ठाम म्हणता येईल.

लेख लिहिताना प्रश्न पहिल्याच परिच्छेदात, ठरवला होता त्याच शब्दांत द्यावा. मोजताना तो बदलला असेल, तर तसं लिहावं. मग कुठे, केव्हा, कशानं मोजलं ते इतकं स्पष्ट सांगावं, की दुसऱ्या शाळेतल्या मुलांना वाचून तसंच करता यावं. तक्ता पूर्ण द्यावा, न आवडलेल्या आकड्यांसकट; पावसाच्या तीस ओळी अर्ध्या पानात मावतात. शेजारच्या दोन मापकांतला फरक तक्त्याखाली लिहावा. त्यानंतर उत्तर, आणि ते किती ठिकाणापुरतं, किती काळापुरतं आहे ते एका वाक्यात.

वार्षिकाच्या संपादकांनी त्यासाठी एकच बदल करायला हवा. लेख हिवाळ्यात मागवतात, तेव्हा पाऊस संपलेला असतो. प्रश्न जूनमध्ये, शाळा उघडल्याच्या आठवड्यात मागवावेत. आणि छापलेला तक्ता पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हाती द्यावा. त्यांनी मापक त्याच जागी, त्याच वेळी वाचला, तर ‘मागच्या जुलैत जे दिसलं ते याही जुलैत दिसतं का’ हा त्यांचा प्रश्न आयता तयार असेल, आणि त्याचं उत्तर शोधायला एका वर्षाऐवजी दोन वर्षांच्या नोंदी हाताशी असतील.